गर्भाशय काढल्यानंतरचा मासिक त्रास

गर्भाशय शस्त्रक्रियेने काढलेले असून एक किंवा दोन्ही अंडाशये शरीरात ठेवलेली असतात, अशा स्त्रीला दर महिन्याच्या ठरावीक दिवसांत ओटीपोटात दुखणे, पोट फुगणे, स्तन जड होणे, चिडचिड वाटणे किंवा रडू येणे असा त्रास पूर्वीसारखाच होऊ शकतो. सातारा-सांगली भागात ही शस्त्रक्रिया ‘पिशवीचे ऑपरेशन’ म्हणून ओळखली जाते आणि पिशवी गेली की पाळीसोबत तिचा सगळा त्रासही गेला, अशी समजूत सर्वसाधारण आहे. त्यामुळे त्रास परत सुरू झाला की शस्त्रक्रिया फसली अशी शंका घेतली जाते किंवा, अधिक वाईट म्हणजे, हे सारे बाईच्या मनाचे खेळ ठरवले जातात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा या त्रासामागे नीट चाललेले अंडाशय असते.

मासिक चक्र गर्भाशय चालवत नाही. मेंदूतील हायपोथॅलॅमस, त्याखालची पिट्यूटरी ग्रंथी आणि अंडाशय यांच्यातील संप्रेरकांच्या देवाणघेवाणीतून ते चालते आणि गर्भाशयाचे अस्तर त्या चक्राला केवळ प्रतिसाद देत असते. अंडाशयात एक पुटक, म्हणजे बीज असलेली द्रवाची छोटी पिशवी, वाढून साधारण दोन सेंटिमीटरचे झाले की पिट्यूटरीतून एलएच या संप्रेरकाचा लोंढा येतो, पुटक फुटून बीज बाहेर पडते आणि उरलेल्या पुटकाचा पीतपिंड बनून तो सुमारे दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन स्रवतो. त्यानंतर पीतपिंड कोमेजतो, संप्रेरके उतरतात आणि नवे पुटक वाढू लागते. गर्भाशय असते तर याच टप्प्यावर अस्तर गळून रक्तस्राव झाला असता. ते नसल्यामुळे एवढी एकच गोष्ट घडत नाही, बाकी चक्र पूर्ववत फिरत राहते.

कोणता त्रास जातो आणि कोणता राहतो, हेही यावरून उलगडते. पाळीच्या पहिल्या दिवशी येणाऱ्या कळा अस्तरातील प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळल्याने येतात, म्हणून गर्भाशयासोबत त्या थांबतात. पुटक फुटतानाची एका बाजूची टोचरी वेदना मात्र अंडाशयाची असते आणि ती राहते. पाळीपूर्व आठवड्यातील फुगवटा आणि मनःस्थितीतील बदल पीतपिंडाच्या काळाशी जोडलेले असतात. प्रोजेस्टेरॉनमुळे आतड्यांची हालचाल मंदावते, तर त्यापासून बनणारे अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन हे द्रव्य मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाच्या ग्राहकांवर कार्य करते. हा त्रास असलेल्या स्त्रियांच्या संप्रेरकांची पातळी इतरांहून वेगळी असतेच असे नाही; नेहमीच्याच चढउतारांना त्यांचा मेंदू अधिक तीव्र प्रतिसाद देतो. अमेरिकेत 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अंडाशयांचे कार्य औषधाने थांबवल्यावर अशा अनेक स्त्रियांचा त्रास कमी झाला आणि संप्रेरके पुन्हा दिल्यावर परतला, तर त्रास नसलेल्या स्त्रियांवर त्याच संप्रेरकांचा तसा परिणाम दिसला नाही.

निदानातील खरी अडचण अशी, की महिना मोजण्याची नेहमीची खूण, म्हणजे पाळीची तारीख, आता उरलेली नसते. ‘अधूनमधून दुखते’ एवढ्या माहितीवरून डॉक्टरांना फारसे काही ठरवता येत नाही. म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज रात्री वेदना, फुगवटा आणि मनःस्थिती यांना शून्य ते तीन असे गुण द्यावेत आणि ही नोंद किमान दोन महिने, त्रास नसलेल्या दिवशीही, चालू ठेवावी.

उदाहरणादाखल वाळवा तालुक्यातील 39 वर्षांची एक कल्पित स्त्री घेऊ. फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयातील साध्या गाठींच्या, अतिस्रावामुळे मिरजेत तिचे गर्भाशय काढले आणि डिस्चार्ज कार्डावर केवळ ‘टीएएच’ असा उल्लेख आहे. पोट उघडून गर्भाशय काढले, असा त्याचा अर्थ. दोन्ही अंडाशये व बीजनलिकाही काढल्या असत्या तर पुढे ‘बीएसओ’ जोडलेले दिसले असते. पाच महिन्यांनी तिला पोट तट्ट फुगणे आणि विनाकारण रडू येणे सुरू झाले. तिच्या नोंदीत वाईट दिवस 12 ते 19 जून, 10 ते 17 जुलै आणि 8 ते 15 ऑगस्ट असे पडले, म्हणजे अंतर 28 आणि 29 दिवसांचे. मधले दिवस जवळपास कोरे होते, फक्त 4 जुलैला उजव्या बाजूला काही तास टोचल्याची नोंद होती. त्या दिवशी बीज सुटले असे धरून सात दिवसांनी, 11 जुलैला, रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासले तर ते 11 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आले. तीन नॅनोग्रॅमच्या वरचे मूल्य बीजोत्सर्ग झाल्याचे सुचवते, त्यामुळे तिचे चक्र चालू आहे आणि त्रास त्याच्या उत्तरार्धात येतो, हे स्पष्ट झाले. ही तपासणी भलत्याच दिवशी केली असती तर मूल्य कमी येऊन नेमकी उलटी समजूत झाली असती.

नोंदीत स्वच्छ दिवस सापडत नसतील तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. शस्त्रक्रियेनंतर तयार झालेल्या चिकटपणामुळे अंडाशय योनीच्या वरच्या टोकाशी किंवा आतड्याशी जखडले जाते. पुटक वाढताना त्याला पसरायला जागा मिळत नाही, वेदना महिन्याच्या लयीत सुरू होऊन पुढे सतत राहू लागते आणि शरीरसंबंधाच्या वेळीही खोल दुखते. सोनोग्राफीत गाठ दिसली तरी ती साधी, पातळ भिंतीची आणि लहान असेल तर बहुधा चक्राचाच भाग असते आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाहिल्यावर विरलेली आढळते. मूळ आजार एंडोमेट्रिओसिस, म्हणजे अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, असेल तर गर्भाशयाबाहेर उरलेले ठिपके अंडाशयाच्या इस्ट्रोजेनवर जगत राहतात. गर्भाशयमुख राखले असेल तर तेथील उरल्यासुरल्या अस्तरातून दर महिन्याला थोडे अंगावरून जाऊ शकते. मुखही काढलेले असताना रक्त दिसले तर तपासणी लांबवू नये. एका बाजूला अचानक असह्य वेदना होऊन उलट्या सुरू झाल्या तर अंडाशयाला पीळ पडल्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

उपचार कारणानुसार बदलतो. बीजोत्सर्गाच्या वेदनेला साधी वेदनाशामके पुरतात. मनःस्थितीच्या तीव्र त्रासावर एसएसआरआय गटातील नैराश्यरोधक औषधे रोज किंवा केवळ चक्राच्या उत्तरार्धात देता येतात. बीजोत्सर्गच थांबवायचा असेल तर इस्ट्रोजेनचा पॅच वापरता येतो आणि येथे गर्भाशय नसण्याचा एक फायदा होतो: अस्तराच्या रक्षणासाठी एरवी सोबत द्यावे लागणारे प्रोजेस्टेरॉनसदृश औषध, ज्याने हाच त्रास पुन्हा उद्भवू शकतो, ते सहसा लागत नाही, एंडोमेट्रिओसिस झालेल्यांबाबत मात्र वेगळा विचार होतो.

राहिलेली अंडाशयेही काढून टाकण्याचा सल्ला घाईने स्वीकारू नये. चाळिशीच्या आसपास ती काढल्यास हाडांची झीज आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, त्यामुळे नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत बहुधा संप्रेरके घ्यावी लागतात; शिवाय जखडलेले अंडाशय काढताना त्याचा तुकडा मागे राहिला तर दुखणे तसेच चालू राहते. आधी काही महिने जीएनआरएच गटातील इंजेक्शनांनी अंडाशये तात्पुरती शांत करून पाहता येते, आणि तरीही त्रास कमी झाला नाही तर तो अंडाशये काढूनही जाण्याची शक्यता थोडीच असते. गर्भाशय काढलेल्यांची अंडाशये सरासरीने काहीशी लवकर थकतात, बहुधा गर्भाशयाच्या रोहिणीतून मिळणारा रक्तपुरवठ्याचा वाटा तुटल्यामुळे. म्हणून महिन्याची लय विस्कटून अंगातून वाफा निघू लागल्या, घाम येऊन झोप मोडू लागली, तर पाळी नसतानाही रजोनिवृत्ती जवळ आल्याचे ते लक्षण असते.