लेबलशीटवरचे पत्ते आणि ‘पिच’चा घोळ : पार्श्वभूमी

मासिकाच्या वर्गणीदारांची यादी एक्सेलमध्ये तयार असते, स्टिकरची शीट प्रिंटरमध्ये असते, तरीही आठव्या ओळीतला पत्ता दोन स्टिकरांच्या मधल्या रेघेवर छापला जातो. याचं कारण बहुतेक वेळा एका शब्दात असतं. तो शब्द म्हणजे ‘पिच’. तो लेबलांच्या कामात कसा आला हे पाहिलं की आजच्या बऱ्याच चुका कुठून येतात ते कळतं.

हाताने पत्ते लिहिलेल्या वेष्टनांचा काळ मोठा होता. पुढे मोठ्या कचेऱ्यांत पत्त्याचे ठसे उमटवणारी यंत्रं आली. १५ ऑगस्ट १९७२ पासून पत्त्याच्या शेवटी सहा आकडी पिनकोड आला. पण कोष्टकात नेमक्या जागी छापण्याचा प्रश्न खरा उभा राहिला तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटरबरोबर. त्या लेबलांचा कागद सलग असे, दोन्ही कडांना भोकं असत आणि दातेरी चाकं तो ओढत. एका लेबलाच्या माथ्यापासून पुढच्या लेबलाच्या माथ्यापर्यंत बरोबर एक इंच अंतर असे. प्रिंटर इंचाला सहा ओळी छापायचा, म्हणजे पत्त्याच्या पाच ओळी आणि एक कोरी.

डीबेस या याद्या सांभाळणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये लेबलचा आराखडा भरताना उंची ओळींत विचारली जाई आणि त्याखाली `Lines between labels`, म्हणजे दोन लेबलांमध्ये किती ओळी सोडायच्या. पाच आणि एक भरलं की काम झालं. तिथे चुकून शून्य पडलं तर प्रत्येक लेबलाला एक ओळ कमी पडायची आणि सहा लेबलांनंतर छपाई पूर्ण एका लेबलाने वर सरकलेली असायची. यादी छापणाऱ्या एका पिढीला त्यामुळे एक सवय लागली : लेबलाचं माप वेगळं, मधल्या फटीचं माप वेगळं.

लेझर आणि इंकजेट प्रिंटर आले तसा सलग कागद मागे पडला आणि सुटी ए४ शीट आली. आपल्याकडे पत्त्यांसाठी सर्रास दिसणारी शीट २४ स्टिकरांची : तीन स्तंभ, आठ ओळी. पाकिटावर ६४ × ३४ मिमी लिहिलेलं असतं. त्यातल्या एका प्रचलित आखणीत खरं माप ६३.५ × ३३.९ मिमी असतं. ओळी एकमेकींना चिकटून असतात, स्तंभांमध्ये मात्र अडीच मिलिमीटरची फट असते. वर्डमध्ये `New Label` उघडलं की इथे फट विचारलीच जात नाही. `Vertical pitch` आणि `Horizontal pitch` विचारले जातात. लिबरऑफिसमध्येही तसंच.

गोंधळ स्वाभाविक होता, कारण ‘पिच’ हा शब्द कचेरीत आधीपासून वेगळ्याच अर्थाने रुळलेला होता. टाइपरायटरचा पिच म्हणजे एका इंचात किती अक्षरं, दहा की बारा. डॉट मॅट्रिक्सवरच्या पिचच्या बटणाचा अर्थही तोच. लेबलच्या चौकटीत तो अर्थ चालत नाही, म्हणून अनेकांनी डीबेसच्या सवयीने तिथे फट भरली. आडव्या पिचला २.५ भरलं तर वर्ड ते स्वीकारत नाही, कारण पिच लेबलाच्या रुंदीपेक्षा कमी असू शकत नाही. मग लोक रुंदीच पुन्हा भरतात, ६३.५. ते मात्र निमूट स्वीकारलं जातं. पहिला स्तंभ बरोबर येतो, दुसरा अडीच मिलिमीटर डावीकडे सरकतो, तिसरा पाच. वर्कशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला हे समजावणं सोपं जातं : बोल्टच्या आट्यांचा पिच एका आट्याच्या माथ्यापासून पुढच्या आट्याच्या माथ्यापर्यंत मोजतात, मधली खाच मोजत नाहीत. इथेही लेबल अधिक फट मिळून पिच होतो. म्हणून आडवा पिच ६६ आणि फट नसल्यामुळे उभा पिच ३३.९.

फट विचारायला हवी होती की पिच, यावर आजही मतभेद आहेत. फट डोळ्यांना दिसते, पिच समजून घ्यावा लागतो, हा आक्षेप खराच आहे. तरीही पिच विचारणंच योग्य होतं, आणि त्याचं कारण फूटपट्टीत आहे. अडीच मिलिमीटरची फट साध्या पट्टीने मोजताना अर्धा मिलिमीटर सहज चुकतो, आणि ती चूक ओळीगणिक किंवा स्तंभागणिक साठत जाते. पिच मात्र लांबवरून मोजता येतो. पहिल्या ओळीच्या माथ्यापासून आठव्या ओळीच्या माथ्यापर्यंत पट्टी लावा. २३७.३ मिमीच्या आसपास येईल. त्याला सातने भागा, कारण आठ ओळींमध्ये सात पिच असतात. उत्तर ३३.९. मोजताना अर्धा मिलिमीटर चुकला तरी एका पिचमध्ये त्याचा सातवा भागच उरतो. पाकिटावरचे ३४ तसेच भरले तर आठव्या ओळीला ०.७ मिमीचा फरक पडतो, तो खपून जातो.

नंतरच्या काळात पीडीएफमधून छापण्याची पद्धत वाढली आणि नवीच चूक शिरली : प्रिंटच्या खिडकीत `Fit` निवडलेलं राहतं आणि पान थोडं आक्रसतं. ९६ टक्क्यांवर तेच २३७.३ मिमी २२७.८ होतात. ही चूक ओळखू येते. पान मध्याकडे आक्रसत असल्याने वरची ओळ खाली येते, खालची वर जाते आणि मधल्या ओळी जागेवर दिसतात. पिच चुकला तर पहिली ओळ बरोबर येते आणि फरक वाढत जातो. सगळे पत्ते सारखेच सरकले असतील तर समास चुकलेला असतो. साध्या कागदावर एक पान छापून ते कोऱ्या लेबलशीटवर ठेवायचं आणि खिडकीच्या उजेडात धरायचं, म्हणजे स्टिकर वाया न घालवता यातलं काय झालंय ते दिसतं. आक्रसलं असेल तर `Actual size` निवडावं, पिचला हात लावू नये.

डीबेस यादीतला पुढचा पत्ता आपोआप घेई. वर्डमध्ये ते काम `«Next Record»` करतं. ते पहिला चौकोन सोडून उरलेल्या २३ चौकोनांत हवं. `Update Labels` दाबलं की ते तसंच भरतं. हाताने नक्कल करताना ते पहिल्या चौकोनातही पडलं तर प्रत्येक शीटमागे एक वर्गणीदार गळतो. ४८० पत्त्यांना २० शीट लागतात. या चुकीतही शीट २०च निघतात, पण शेवटच्या शीटवर चारच पत्ते असतात आणि एकूण ४६० छापले जातात. म्हणून शीट मोजून भागत नाही, शेवटच्या शीटवरचे पत्ते मोजावे लागतात.

जुन्या मराठी फॉन्टांतल्या याद्या युनिकोडमध्ये आल्यावर उंचीचा प्रश्न पुढे आला. ३३.९ मिमी म्हणजे ९६ पॉइंट. मंगलसारख्या फॉन्टची ओळ मात्रा-उकारांसाठी उंच असते. ११ पॉइंटला एक ओळ साधारण १८ पॉइंट खाते, म्हणजे पाच ओळी जेमतेम बसतात आणि सहावी बसत नाही. वर्डच्या लेबलकोष्टकात चौकोनाची उंची `Exactly` असते, त्यामुळे सहावी ओळ गुपचूप कापली जाते आणि नेमका त्याच ओळीत पिनकोड असतो. ती दिसावी म्हणून `At least` केलं तर चौकोन वाढतो आणि खालच्या सगळ्या ओळी सरकतात. त्यापेक्षा तालुका आणि जिल्हा एका ओळीत घ्यावेत.