टॉयलेट क्लीनर आणि अलॉय व्हील : एक खुलासा

“अलॉय व्हीलवरची ब्रेकची काळी पूड टॉयलेट क्लीनरने निघते आणि चाक नव्यासारखे होते.”

पूड निघते, हे खरे आहे. परंतु अशा अनेक क्लीनरांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असते (बाटलीवरील घटक वाचून खात्री करता येते), आणि खडी लागून लाखेच्या पारदर्शक थराचा टवका जिथे उडालेला असतो, तिथून ते ॲल्युमिनियमपर्यंत पोहोचून त्याचा संरक्षक ऑक्साइडचा थर विरघळवते. मागे उरलेले क्लोराइड खाऱ्या हवेतल्या मिठाचेच काम करते. म्हणून कोकण किनाऱ्यावरच्या गाड्यांत कालांतराने लाखेखाली किड्याच्या वाटेसारख्या पांढुरक्या रेषा दिसू लागतात. कॉस्टिक सोडाही तितकाच घातक आहे, कारण ॲल्युमिनियम आम्लात आणि अल्कलीत, दोन्हींत विरघळते. चाक थंड झाल्यावर साध्या पाण्याने धुवावे, मग न्यूट्रल पीएचचा कार शॅम्पू आणि मऊ ब्रश वापरावा.