फॉरवर्ड आणि बॅकवर्ड स्टेपवाइज: 30 वर्षांचं सोयाबीन, 20 रकाने

समजा, लातूर जिल्ह्यातल्या सोयाबीनचं हेक्टरी उत्पादन हवामानावरून सांगायचं आहे. हाताशी 30 वर्षांचे आकडे आहेत, म्हणजे 30 ओळी. रकाने मात्र भरपूर. 24 ते 39 या हवामान आठवड्यांचा पाऊस (जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत) हे झाले 16. ऑगस्ट आणि सप्टेंबरचं सरासरी कमाल व किमान तापमान हे 4. एकूण 20 चल. यातले कोणते ठेवायचे, हे संगणकावर सोपवलं की स्टेपवाइज आलंच, म्हणजे एकेक चल आत घेत किंवा बाहेर काढत मॉडेल निवडायची पद्धत.

फॉरवर्ड रिकाम्या मॉडेलपासून निघतं. त्यात फक्त सरासरी असते. मोजपट्टी एआयसीची: मॉडेल किती चपखल बसतं हे पाहताना दर चलामागे दंड लावणारा हा आकडा, जितका कमी तितका बरा. मग 20 चल एकेक करून लावून पाहायचे, ज्याने एआयसी सर्वांत जास्त उतरतो तो आत घ्यायचा, उरलेल्या 19 वर तेच करायचं. कुणालाही घेऊन एआयसी उतरेना, की थांबायचं. बॅकवर्डमध्ये वीसच्या वीस आधीच आत असतात. ज्याला काढल्याने एआयसी सर्वांत जास्त उतरतो तो बाहेर, आणि कुणालाही काढलं तरी एआयसी चढतच असेल तर थांबायचं. बॅकवर्डला ओळी चलांपेक्षा जास्त लागतात, नाहीतर पहिलं मॉडेलच बसत नाही. फॉरवर्डला ती अट नाही. आर मध्ये `step()` ला `scope` आणि `direction` दोन्ही दिले नाहीत तर ते गुपचूप बॅकवर्ड चालतं, हेही ध्यानात असू द्या.

इथपर्यंत वाचून वाटतं, एकाच जिन्याने कुणी चढतंय, कुणी उतरतंय. पोचणार एकाच मजल्यावर. तसं होत नाही. नियम एकच असला तरी दोघांसमोरचं कुंपण सारख्या उंचीचं नसतं.

एका चलासाठी एआयसीची अट आकड्यांत मांडली तर अशी होते: चल राहायला त्याचा F हा (e^(2/n) − 1) × उरलेल्या डिग्रीज ऑफ फ्रीडम यापेक्षा मोठा हवा. n म्हणजे ओळी; n = 30 धरला तर कंसातला आकडा 0.069. फॉरवर्डच्या पहिल्या पायरीवर एक चल घेतल्यावर 28 डिग्रीज उरतात, म्हणजे F 1.93 च्या वर, |t| साधारण 1.39 च्या वर. बॅकवर्डच्या पहिल्या पायरीवर 20 चल आणि सरासरी वजा जाता उरतात फक्त 9. तिथे F 0.62 च्या वर असला की पुरे, म्हणजे |t| 0.79. नऊ डिग्रीजवर याची पी-व्हॅल्यू 0.45 च्या आसपास येते. ज्या चलाला कुणीही बिनकामाचा म्हणेल, तो इथे निवांत बसून राहतो. चल बाहेर पडत जातात तसं कुंपण उंचावतं. 10 उरले असतील तेव्हा ते |t| 1.14 वर येतं. पण तोवर बॅकवर्ड बऱ्याचदा थांबलेलं असतं.

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या मॉडेलची. 20 रकान्यांत पावसाऐवजी निव्वळ यादृच्छिक आकडे भरले, तरी 30 ओळींवर R² ची अपेक्षित किंमत 20/29, म्हणजे 0.69 येते. उत्पादनाशी काडीचा संबंध नसलेले आकडे 69 टक्के चढउतार ‘समजावून’ देतात. बॅकवर्ड या खोट्या शिखरावरूनच निघतं आणि ढिल्या कुंपणामुळे फार खाली येत नाही. म्हणून ओळी कमी आणि रकाने जास्त असताना ओव्हरफिटिंग बॅकवर्डमध्ये जास्त दिसतं.

फॉरवर्ड मात्र यातून सुटलं असं समजू नका. त्याचा रोग वेगळा: तो दर पायरीला उरलेल्यांतला सर्वोत्तम निवडतो. 20 निरर्थक, एकमेकांशी असंबद्ध चलांतल्या सर्वोत्तमाची पी-व्हॅल्यू निम्म्या वेळा 0.034 च्या खालीच असते. 30 ओळींवर याचा अर्थ सहसंबंध 0.39 च्या आसपास, R² 15 टक्के. तेव्हा ‘33 व्या आठवड्याचा पाऊस लक्षणीय, p = 0.03’ असं कुणी लिहिलं, तर आधी विचारा, किती आठवडे पाहून हा सापडला? कुंपण |t| 1.39 चं असल्याने 20 पैकी निदान एक तरी निरर्थक चल आत शिरण्याची शक्यता जवळपास 98 टक्के आहे.

हे स्वतः पडताळायला दोन मिनिटं लागतात:

```r
set.seed(1)
d <- as.data.frame(matrix(rnorm(30*21), 30))
names(d)[1] <- "y"
full <- lm(y ~ ., data = d)
null <- lm(y ~ 1, data = d)
f <- step(null, scope = formula(full),
          direction = "forward", trace = 0)
b <- step(full, direction = "backward", trace = 0)
summary(f); summary(b)
```

`set.seed` मधला आकडा बदलून हे अनेकदा चालवा. इथे खरा संबंध शून्य आहे, तरी `summary` मध्ये तारे लागलेले दिसतील. ते तारे खोटे, कारण t चं कोष्टक आधीच ठरवलेल्या चलासाठी असतं. `summary` ला शेवटचं मॉडेल तेवढं दिसतं. ते शोधताना किती चल तपासून टाकले, हे त्याला माहीत नाही. समायोजित R² सुद्धा राहिलेलेच चल मोजतो. शिवाय चल निवडला गेला तोच मुळी या 30 वर्षांत त्याचा परिणाम योगायोगाने मोठा दिसला म्हणून, त्यामुळे त्याचा गुणकही फुगलेला असतो. पुढच्या हंगामात अंदाज कोसळतो तो इथे.

मग बॅकवर्ड कशाला वापरायचं? जोड्यांसाठी. समजा, उत्पादन कमाल आणि किमान तापमानाच्या फरकावर ठरतं. दोन्ही एकाच मापात आणली, त्यांचा आपसातला सहसंबंध 0.9 आहे आणि त्रुटीचं प्रचरण 0.09 आहे. दोन्ही मिळून R² 69 टक्के येतो. एकटं घेतलं तर जेमतेम 3.4 टक्के. फॉरवर्डला एकटी तापमानं दिसतात आणि तो त्यांना ओलांडून पुढे जातो. बॅकवर्डमध्ये दोघं आधीपासून एकत्र असतात, म्हणून टिकतात. पण असा संबंध आधीच ठाऊक असेल, तर फरकाचाच एक रकाना करावा आणि दोन टाकून द्यावेत. आमचा कल याच बाजूला आहे.

तपासणीत एक चूक फार दिसते. तीसही वर्षांवर स्टेपवाइज चालवतात, पाच चल उरतात, आणि मग त्या पाचांवर क्रॉस-व्हॅलिडेशन करून छान आकडा छापतात. बाजूला ठेवलेल्या वर्षाने निवडीत आधीच हात घातलेला असतो, म्हणून तो आकडा फुकट. दर फेरीत एक वर्ष बाहेर काढून निवड पहिल्यापासून करावी आणि त्या वर्षाचा अंदाज घ्यावा. तीस फेऱ्यांत कोणता चल किती वेळा आला, हे सोबत लिहून ठेवावं. एक वर्ष काढताच 27 वा आठवडा जाऊन 31 वा येत असेल, तर निवड आकड्यांच्या गोंगाटावर चालली आहे.

एआयसीऐवजी लहान नमुन्यासाठी दुरुस्त केलेला एआयसीसी वापरला तर बॅकवर्डचं कुंपण बरंच उंचावतं. लासो गुणकांना आवळून त्यांचा फुगवटा कमी करतो. पण खरी बचत रकाने कमी करण्यात आहे. सोयाबीनला फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना पावसाचा खंड पडला की फटका बसतो, हे शेतकऱ्याला माहीत आहे. मग 16 आठवड्यांऐवजी पेरणीच्या वेळचा पाऊस, फुलोऱ्यातला सर्वांत लांब खंड आणि शेंगा भरतानाचा सर्वांत लांब खंड, असे तीन रकाने आकडे न पाहता ठरवावेत आणि तिन्ही मॉडेलमध्ये ठेवावेत, एखाद्याची पी-व्हॅल्यू 0.2 आली तरी.