धडा जड की मांडणी जड?

वर्गातली निम्मी मुलं गोंधळलेल्या चेहऱ्यानं बसली आहेत. शिक्षक म्हणतात, ‘हा धडाच अवघड आहे.’ हे कधी खरं असतं, तर कधी धडा सोपा असतो आणि पडद्यावरची मांडणी अवघड असते. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. मूल तसंच गप्प बसतं, वहीतली ओळ तशीच अर्धी राहते. उपाय मात्र अगदी वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की नुकसान होतं. म्हणून या दोन भारांची नीट फोड करायला हवी.

ही फोड केली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले जॉन स्वेलर आणि त्यांचे सहकारी यांनी. १९८८ पासून पुढे त्यांनी जो सिद्धांत उभा केला, त्याला कॉग्निटिव्ह लोड थिअरी, म्हणजे बौद्धिक भाराचा सिद्धांत, म्हणतात. त्याचा पाया साधा आहे. आपण एखादी गोष्ट समजून घेत असतो तेव्हा ती कार्यस्मृतीत असते, आणि तिथे जागा फार थोडी असते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ही मर्यादा सात गोष्टींच्या आसपास सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये पुरावे पुन्हा तपासून ती चारच्या आसपास आणली. हे आकडे नुसतं धरून ठेवण्याचे आहेत. धरलेल्या गोष्टी एकमेकींशी जोडून बघायच्या असतील, तर जागा आणखी अपुरी पडते. पक्क्या झालेल्या ज्ञानाची गोष्ट वेगळी. ते दीर्घस्मृतीतून गठ्ठ्यानं येतं आणि एकाच गोष्टीची जागा घेतं.

या थोड्या जागेवर दोन बाजूंनी भार येतो. विषयाच्या स्वतःच्या गुंत्यातून येणाऱ्या भाराला मी इथे अंगचा भार म्हणतो. शिकवण्याच्या पद्धतीतून येतो तो लादलेला भार.

अंगचा भार मजकुराच्या लांबीवर ठरत नाही, किती गोष्टी एकाच वेळी एकत्र धराव्या लागतात यावर ठरतो. आपल्या बेळगावकडचंच उदाहरण घेऊ. मराठी माध्यमातली मुलगी कन्नड शब्द पाठ करते: पाणी म्हणजे नीरु, दूध म्हणजे हालु, तांदूळ म्हणजे अक्की. असे पन्नास शब्द असले तरी कष्ट पडतात, गोंधळ होत नाही. ‘हालु’ शिकताना ‘अक्की’ डोक्यात धरून ठेवावी लागत नाही. वाक्य आलं की चित्र बदलतं. अवनु बंदनु, अवळु बंदळु, अवरु बंदरु. इथे कर्ता, त्याचं लिंग, वचन आणि क्रियापदाचा शेवट हे सगळं एका दमात जुळवावं लागतं. शब्द दोनच आहेत, पण भार पन्नास सुट्या शब्दांपेक्षा जास्त आहे.

आता याच वाक्यांची दुसरी बाजू बघा. तो आला, ती आली, ते आले हा साचा मराठी मुलीच्या हाडीमाशी खिळलेला असतो. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं हे तिला नव्यानं समजून घ्यायचं नसतं, फक्त शेवट बदलून घ्यायचे असतात. ज्याच्या भाषेत असा बदलच होत नाही, त्याला हीच तीन वाक्यं कितीतरी जड जातील. म्हणजे अंगचा भार एकट्या धड्यात नसतो. धडा आणि शिकणाऱ्याजवळ आधीपासून असलेलं ज्ञान, या दोघांमध्ये मिळून तो ठरतो. ‘हा धडा अवघड’ हे वाक्य म्हणूनच अपुरं आहे. कोणाला अवघड, ते सांगायलाच हवं.

लादलेला भार कसा दिसतो, ते एका स्लाइडवर बघू. खानापूर तालुक्यातल्या एका मॅडमनी ती दाखवली होती. विषय त्रिकोणाचा बाह्यकोन. ‘सर, तीन तास घेतले, तरी डोक्यात शिरत नाही,’ असं त्या काकुळतीनं सांगत होत्या. स्लाइड मेहनतीनं केलेली होती. वर शाळेचं नाव आणि बोधचिन्ह, खाली बाह्यकोनाची व्याख्या, मग प्रमेयाचं दोन ओळींचं विधान. डाव्या कोपऱ्यात त्रिकोण अबक, त्याची बक ही बाजू ड पर्यंत वाढवलेली. आकृतीत नुसती अक्षरं होती. उजवीकडे ‘कोन अकड १२० अंश, कोन अ ५० अंश, तर कोन ब किती?’ आणि त्याखाली सहा पायऱ्यांची सिद्धता. कोपऱ्यात पेन्सिल हलवणारा एक मुलगा. मॅडम हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवत होत्या.

या पडद्यासमोर मुलाला काय करावं लागतं, ते पायरीपायरीनं बघा. तो उजवीकडे ‘कोन अकड’ वाचतो. ही तीन अक्षरं डोक्यात धरून डावीकडे येतो, अ शोधतो, क शोधतो, ड शोधतो, कोणता कोन ते ठरवतो. १२० हा आकडा आकृतीत नाही, म्हणून तोही धरून ठेवतो. मग परत उजवीकडे जाऊन आपली ओळ कोणती होती ते शोधतो. एवढ्यात मॅडम दोन ओळी पुढे गेलेल्या असतात. तो वाचतो एका वेगानं, कानावर तेच शब्द येतात दुसऱ्या वेगानं, आणि दोन्ही जुळवण्यात आणखी जागा जाते. या सगळ्या खटाटोपात भूमिती कुठेच नाही. बाह्यकोन आणि आतले कोन यांचं नातं बघायला त्याच्याजवळ जागाच उरलेली नसते. पॉल चँडलर आणि स्वेलर यांनी १९९१ मध्ये नेमकं हेच दाखवलं. आकृती आणि तिचं स्पष्टीकरण दूर दूर ठेवलं की लक्ष फाटतं. आणि आकृती स्वतःच पुरेशी असताना तेच शब्दांत पुन्हा सांगितलं, तर मदत होण्याऐवजी अडथळा होतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी स्लाइड बदलली. पडद्याच्या मधोमध मोठी आकृती. क जवळ बाहेरच्या कोनातच १२०, अ च्या कोनात ५०, ब च्या कोनात प्रश्नचिन्ह. खाली एकच ओळ:

५० + ? = १२०

बाकी सगळं त्यांनी तोंडानं सांगितलं, त्या त्या कोनावर बोट ठेवून. व्याख्या पडद्यावर नव्हती. ‘ही बाजू अशी वाढवली की इथे जो कोन तयार होतो तो,’ एवढं पुरलं. बऱ्याच मुलांनी ७० हे उत्तर लगेच काढलं.

काही मुलं मात्र तरीही अडली. ‘आता तर पाटी कोरी केली, अजून काय काढू?’ असं मॅडमनी विचारलं. काढण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. उरला होता तो अंगचा भार. बाहेरचा कोन आतल्या दोन दूरच्या कोनांच्या बेरजेइतका का असतो, हे कळायला दोन गोष्टी एकदम धराव्या लागतात. क जवळचे आतला आणि बाहेरचा असे दोन कोन मिळून १८०. त्रिकोणाचे आतले तीन कोन मिळूनही १८०. दोन्हींमध्ये क जवळचा आतला कोन सामाईक आहे. तो काढला की दोन्हीकडे जे उरतं ते सारखं असलं पाहिजे. ज्या मुलाचे हे दोन नियम पक्के आहेत, त्याच्यासाठी ही एका नजरेची गोष्ट आहे. ज्याचे डळमळीत आहेत, त्याला दोन्ही नव्यानं आठवत आठवत जोडायचे असतात, आणि तिथे कितीही सुंदर आकृती कामाला येत नाही. इथे भार कमी करायचा नसतो, वाटून द्यायचा असतो. एक दिवस फक्त सरळ रेषेवरचे कोन, विचार न करता उत्तर येईपर्यंत. पुढचा दिवस फक्त त्रिकोणाच्या कोनांची बेरीज. त्यानंतर दोन्हींची जोडणी.

मग कोणता भार आहे हे ओळखायचं कसं? मुलाला ‘किती जड गेलं’ असं विचारून पूर्ण उत्तर मिळत नाही. फ्रेड पास यांनी १९९२ मध्ये यासाठी नऊ पायऱ्यांची मोजपट्टी केली, ती आजही वापरतात. पण ती एकूण श्रम सांगते, कोणत्या बाजूनं आले ते सांगत नाही. माझ्या मते वर्गात सर्वात भरवशाची कसोटी म्हणजे गणिताचा प्रकार तोच ठेवून मांडणी तेवढी बदलणं. बाहेरचा कोन १००, अ चा ३५, आणि दोन्ही आकडे आकृतीतच लिहिलेले. मूल ६५ सांगतं? तर काल त्याला मांडणीनं अडवलं होतं. अजून अडतं? तर पाया बघा. चुकाही थोडाफार इशारा देतात. १२० हा आकडा अ च्या कोनावर लिहिणं, ओळ चुकणं, अकड ऐवजी अकब धरणं, हे शोधाशोधीत दमलेल्या मुलाचं लक्षण. १८० मधून १२० वजा करून ६० वर थांबणारं मूल एक नियम धरून आहे, दुसरा त्याच्या हाती लागलेला नाही.

गल्लत झाली की दोन्हीकडे फटका बसतो. मांडणी जड असताना धडा जड आहे असं समजलेला शिक्षक आणखी समजावतो. म्हणजे आणखी ओळी, आणखी उदाहरणं, आणखी स्लाइड, आणि भार वाढतच जातो. उलट, धडा जड असताना मांडणीला दोष देणारा शिक्षक पडदा छाटत जातो आणि शेवटी सिद्धतेचा कणाच छाटून बसतो. मुलांना सूत्र मिळतं, ते का ते मिळत नाही.

आपल्या सीमाभागात यात भाषेची भर पडते. एसएसएलसीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल पीयूसीला विज्ञानाला गेलं की सगळं इंग्रजीत येतं. बाह्यकोनाचा अंगचा भार तेवढाच असतो, पण प्रत्येक वाक्य उलगडायलाच जागा जाते, आणि त्या मुलाला वाटतं की आपल्याला गणित जमत नाही. काही शिक्षक कळकळीनं एकेका संज्ञेपुढे मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तिन्ही नावं लिहितात. ओळख करून देण्याच्या दिवशी ते योग्यच आहे. सिद्धता चालू असताना मात्र मुलाला तीन नावांतून आपलं एक निवडत बसावं लागतं. नावं आदल्या दिवशी स्वतंत्रपणे पक्की करून घ्यावीत. शब्द सुटे असतात, ते सुटे शिकता येतात. इथे एक अपवादही लक्षात ठेवायला हवा. बोललेलंच पडद्यावर लिहू नये हा नियम ऐकण्याची भाषा अंगवळणी पडलेल्यांसाठी आहे. परक्या भाषेत ऐकणाऱ्याला पडद्यावरचे शब्द अनेकदा आधार देतात, कारण निसटलेला शब्द त्याला डोळ्यांनी पकडता येतो. पीयूसीच्या पहिल्या महिन्यांत म्हणून थोडक्यात लिहिलेले मुख्य शब्द राहू द्यावेत.

पुढे ते काढावेही लागतात. स्लावा काल्युगा आणि सहकाऱ्यांच्या कामातून दिसलं आहे की नवख्याला आधार देणारं स्पष्टीकरण जाणत्याला अडथळा होतं, कारण त्याला जे येतं तेच त्याला पुन्हा वाचून आपल्या ज्ञानाशी जुळवत बसावं लागतं. त्या खानापूरच्या वर्गात आता दोन प्रकारचे कागद वाटले जातात. एकावर पायऱ्या आकृतीतच लिहिलेल्या असतात, दुसऱ्यावर नुसती आकृती आणि दोन आकडे. कोणाला कोणता द्यायचा, ते मॅडम आदल्या दिवशीच्या वह्या बघून ठरवतात.