कॅटलॉगमध्ये ‘कोळी’ शोधताना: शब्द, विषय आणि वर्गांक

ठाणे खाडीकाठच्या कोळीवाड्यांवर काही वाचायचं म्हणून ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये ‘कोळी’ टाइप केलं, तर यादीत सरमिसळ येते. कोळी समाजावरची पुस्तकं, आठ पायांच्या कोळ्यावरची पुस्तकं आणि कोळी आडनावाच्या लेखकांचे कवितासंग्रह, सगळे एकत्र. संगणक इथे फक्त अक्षरं जुळवतो. म्हणूनच ‘मच्छीमार’ शोधणाऱ्याला ‘मच्छिमार’ छापलेलं पुस्तक बहुधा दिसत नाही, आणि नावात नुसतं ‘मत्स्यव्यवसाय’ असलेलं तर नाहीच.

विषय-शीर्षकाचं काम वेगळं. ग्रंथपाल पुस्तक चाळतो आणि ठरलेल्या यादीतला शब्द नोंदीच्या विषयाच्या रकान्यात घालतो. लेखकाने पुस्तकाला कितीही काव्यमय नाव दिलेलं असो, विषय एक असेल तर शीर्षक एकच. त्यामुळे शोधताना ‘विषय’ हा पर्याय निवडून कोळी समाजाचं शीर्षक घेतलं की आठ पायांचे कोळी आणि कविता बाजूला पडतात.

विषय-शीर्षक आणि वर्गांक, म्हणजे पुस्तकाची फडताळावरची जागा सांगणारा आकडा, यांची गल्लत मात्र जाणत्या वाचकांकडूनही होते. एका पुस्तकाला विषय-शीर्षकं तीन-चार मिळू शकतात, पण फडताळावर जागा एकच, म्हणून मांडणीचा वर्गांकही एकच. शिवाय हे आकडे ठरवणारी ड्यूई पद्धत आधी ज्ञानशाखा बघते. मासेमारीचा धंदा 639.2 मध्ये, माशांचं कालवण 641.692 मध्ये, समाज म्हणून मच्छीमार 305 च्या पोटात आणि महाराष्ट्राचा इतिहास 954.792 मध्ये. (आठ पायांचा कोळी 595.44 मध्ये सुखाने बसलेला असतो.) 639.2 च्या फडताळापाशी उभं राहून जाळी-होड्यांवरचं सापडेल, पण कोळीवाड्यातल्या लग्नाच्या चालीरीतींसाठी दुसऱ्या रांगेत जावं लागेल. विखुरलेली ही पुस्तकं एका यादीत आणतं ते विषय-शीर्षक.

मग शब्द टाकून शोधणं टाकाऊ का? मुळीच नाही. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाच्या नियमानुसार एखाद्या विषयाने पुस्तकाचा साधारण 20 टक्के भाग व्यापला असेल, तरच त्याला शीर्षक मिळतं. ठाणे जिल्ह्यावरच्या जाडजूड ग्रंथात खाडीतल्या मासेमारीवर एकच प्रकरण असेल, तर विषयाच्या रकान्यात त्याचा मागमूस नसतो. नोंदीत अनुक्रमणिका भरलेली असेल, तर मात्र साधा शब्द ते प्रकरण पकडतो.

माझ्या मते सुरुवात शब्दानेच करावी. यादीतलं एक नेमकं पुस्तक निवडून त्याची पूर्ण नोंद उघडावी, तिथल्या विषयावर क्लिक करावं आणि वर्गांक टिपून फडताळाकडे जावं. विषयाचा रकानाच रिकामा दिसला, आणि छोट्या ग्रंथालयांत तो पुष्कळदा रिकामा असतो, तर परत शब्दांकडे वळून शुद्धलेखनाचे सगळे पर्याय टाकून बघायचे. जिथे तारांकन चालतं तिथे `मच्छ*` टाकलं की ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही मच्छीमार येतात. सोबत मच्छरही येतात, त्यांना इलाज नाही.