स्प्रिंकलरच्या पाइपांचे माप कसे ठरते: टॉवेल आणि चादर कारखान्यांसाठी माहिती

कोटेशन हातात आले की बहुतेकांची नजर स्प्रिंकलर हेड किती आणि पाइप किती मीटर यावर जाते. त्याआधी एक प्रश्न विचारा: सगळ्यात अडचणीच्या जागी आग लागली, तर तिथे दर चौरस मीटरला मिनिटाला किती लिटर पाणी पडेल? यालाच डिझाइन डेन्सिटी म्हणतात. ते पाणी एका वेळी जेवढ्या क्षेत्रावर पडेल असे धरतात, ते डिझाइन एरिया. शेडमधले सगळे हेड एकदम उघडत नाहीत. उष्णता पोचेल तेवढेच फुटतात, म्हणून हिशेब त्या क्षेत्रापुरता करायचा.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत असते तशी एक लूम शेड धरू. एनएफपीए 13 या स्प्रिंकलरच्या अमेरिकन मानकात कापड उत्पादन ऑर्डिनरी हॅझर्ड गट 2 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या वर्गात येते. त्यासाठी डेन्सिटी मिनिटाला 8.1 लिटर प्रति चौरस मीटर आणि क्षेत्र 139 चौरस मीटर. तुमची विमा कंपनी दुसरे मानक लावणार असेल तर हे आकडे बदलतात, म्हणून ते आधी लेखी घ्या.

हेड एका लाइनवर 3 मीटरवर आणि दोन लाइनींत 4 मीटर अंतर, म्हणजे एका हेडकडे 12 चौरस मीटर. 8.1 गुणिले 12 म्हणजे शेवटच्या हेडमधून मिनिटाला किमान 97.2 लिटर पाणी यायलाच हवे. ठरावीक दाबाला हेडमधून किती पाणी पडते ते सांगणारा आकडा म्हणजे के-फॅक्टर. तो 80 असेल तर लागणारा दाब P, पाणी Q आणि के-फॅक्टर K धरून असा निघतो:

```
P = (Q / K)² = (97.2 / 80)² = 1.48 bar
```

के-फॅक्टर 115 चा हेड घेतला तर तेच पाणी सुमारे 0.71 बारमध्ये मिळते. पंप आधीपासून बसलेला असेल आणि दाब कमी पडत असेल, तर पाइप वाढवण्याआधी हा पर्याय तपासून पाहावा असे आमचे मत आहे.

आता 139 भागिले 12, म्हणजे 12 हेड. हे क्षेत्र चौकोनी न धरता ब्रँच लाइनच्या दिशेने लांबट धरतात. लांबी 139 च्या वर्गमुळाच्या 1.2 पट, म्हणजे सुमारे 14.1 मीटर. त्याला 3 ने भागले की 4.7, म्हणून एका लाइनवर 5 हेड. दोन लाइनींवर पाच-पाच आणि तिसरीवर मेन पाइपच्या बाजूचे 2. हाच आपला रिमोट एरिया.

रिमोट म्हणजे पंपापासून सगळ्यात लांब, असे धरू नका. जिथे दाब पोचायला सगळ्यात जड जातो ती जागा रिमोट. जवळचाच माळा उंच असेल तर दर मीटर उंचीला साधारण 0.1 बार जातो. त्यात पाइप बारीक आणि बेंड जास्त असतील तर तीच जागा रिमोट ठरू शकते. शंका असेल तिथे दोन-तीन जागांचा हिशेब करून सगळ्यात जास्त मागणी असलेली जागा धरतात.

हिशेब शेवटच्या हेडपासून पंपाकडे येतो. पहिल्या 3 मीटरला 25 मिमीचा मध्यम दर्जाचा पाइप घेतला तर 0.12 बार दाब जातो. म्हणून दुसऱ्या हेडवर 1.60 बार दाब असतो आणि तिथून 101 लिटर पडते. पुढच्या 3 मीटरमधून 198 लिटर वाहते. तिथेही 25 मिमीच ठेवला तर 0.47 बार जातो. 32 मिमी केला तर फक्त 0.12. पाणी दुप्पट झाले की त्याच पाइपात दाबाचा तोटा साडेतीन पटींच्या वर जातो, म्हणून इथे काटकसर महागात पडते.

लाइनी मेनला मिळतात तिथे दाब एकच असतो. ज्या लाइनीचा हिशेब कमी दाबाचा निघतो, तिचा प्रवाह दाबांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने वाढवून मग बेरीज करायची. नुसती 12 गुणिले 97.2 म्हणजे 1,166 लिटर अशी बेरीज केलेला कागद दिसला, तर तो परत करा. खरा आकडा नेहमी जास्त येतो. इथे समजा तो 1,350 निघाला. होज पाइपसाठी 950 लिटर धरून एकूण 2,300 लिटर प्रति मिनिट, म्हणजे तासाला 1,38,000 लिटर. हे पाणी टाकीत राखीव हवे, आणि रोजच्या वापराचा पाइप त्या पातळीच्या वरूनच काढलेला हवा. नळाला पाणी कधी येईल यावर हे सोडता येत नाही.

पाइप आतून किती गुळगुळीत आहे ते सांगणारा आकडा म्हणजे सी-फॅक्टर. स्टीलच्या पाइपासाठी आम्ही तो 120 धरतो. बोअरच्या जड पाण्याने आतून क्षार धरून तो 100 वर आला, तर पाइपातला तोटा सुमारे 40 टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे पंपाला थोडी जादा ताकद ठेवलेली बरी.

पुढे दोन गोष्टींनी हा हिशेब मोडतो. सुताच्या गाठी 3.66 मीटरच्या वर रचल्या की गट 2 ची डेन्सिटी पुरत नाही. आणि नवीन पार्टिशन घातल्यावर शेवटच्या लाइनीला हेड जोडून घेतले की त्या टोकाचा दाब घसरतो. दोन्ही करण्याआधी रायझरवरची, म्हणजे स्प्रिंकलरला पाणी देणाऱ्या उभ्या मुख्य पाइपावरची, हिशेबाची पाटी पाहा. त्यावर डेन्सिटी, क्षेत्र, प्रवाह आणि दाब हे चारही आकडे असायला हवेत. त्या पाटीचा फोटो आणि नवा नकाशा आम्हाला पाठवा.