दोन सत्तांच्या मधोमध: राजा अली खानाची एकवीस वर्षं

भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बऱ्हाणपूर सुटलं की थोड्या वेळात ‘असीरगड रोड’ नावाचं स्टेशन येतं. उत्तरेकडून दख्खनेत उतरायची मोठी वाट या गडाच्या पायथ्याशी सातपुड्यातून जाते. ती वाट उतरली की समोर तापीचं खोरं, काळी सुपीक जमीन आणि बऱ्हाणपूर. आज बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असलं तरी जळगाव, धुळ्यासह या सगळ्या पट्ट्यावर दोनशेहून जास्त वर्षं फारुकी घराण्याचं राज्य होतं. आधी राजधानी तापीकाठचं थाळनेर, नंतर बऱ्हाणपूर.

या राज्याचा शेवटचा कर्ता राजा म्हणजे राजा अली खान. लहान राज्य दोन मोठ्या सत्तांच्या मध्ये सापडलं की कोणाची बाजू धरतं, या प्रश्नासाठी त्याच्या कारकिर्दीइतकं बोलकं उदाहरण मला आपल्या भागात दुसरं दिसत नाही.

तो 1576 मध्ये गादीवर आला तेव्हा नकाशा काय होता ते आधी पाहू. माळवा अकबराने 1560 च्या दशकाच्या सुरुवातीलाच घेतला होता आणि 1573 पर्यंत गुजरातही घेतला. म्हणजे उत्तर आणि पश्चिम, दोन्हीकडे मोगल. दुसरीकडे अहमदनगरच्या निजामशाहीने 1574 मध्ये वऱ्हाड गिळला. म्हणजे दक्षिण आणि पूर्व, दोन्हीकडे निजामशाही. चार दिशा आणि शेजारी दोनच.

अशा वेळी दोन सरळ रस्ते असतात. पहिला सत्तासंतुलनाचा: जो जास्त धोक्याचा, त्याच्या विरोधात दुसऱ्याशी हात मिळवायचा. दुसऱ्याला अभ्यासक ‘बँडवॅगनिंग’ म्हणतात. ज्याची भीती आहे त्याच्याच गोटात जायचं, म्हणजे त्याचा घाव आपल्यावर पडणार नाही आणि जमलं तर लुटीत वाटाही मिळेल. अमेरिकी अभ्यासक स्टीफन वॉल्ट यांनी 1980 च्या दशकात यात एक महत्त्वाची दुरुस्ती केली. त्यांच्या मते राज्यं नुसत्या बळाला घाबरत नाहीत, ती धोक्याला घाबरतात. समोरच्याचं एकूण बळ किती, तो किती जवळ आहे, त्याची चढाई करायची ताकद किती आणि त्याचा हेतू काय, या चार गोष्टींतून तो धोका ठरतो. बहुतेक राज्यं धोक्याविरुद्ध एकत्र येतात, असं वॉल्ट यांना दिसलं. अपवाद दुबळ्या राज्याचा. बलाढ्य शेजारी अगदी दाराशी असेल आणि मदतीला येणारं कोणी नसेल, तर ते बलाढ्याच्या मागे जातं.

हे चार निकष 1577 ला लावून पाहा. मोगल फौज खानदेशच्या दिशेने आली. बळ अफाट, अंतर शून्य, आणि हेतू तर माळवा-गुजरातने दाखवूनच दिला होता. राजा अली खानाने अकबराचं वर्चस्व मान्य केलं आणि नजराणा दिला. इथवर हे बँडवॅगनिंगच दिसतं.

पण कोण कोणाच्या बाजूचा, हे शब्दांवरून ओळखायचं नसतं. ज्याला खरी किंमत पडते, अशा कृतीवरून ते ओळखायचं. पैसा कुठे जातो आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे फौज कुठे जाते? 1586 मध्ये अकबराचा सरदार मिर्झा अझीझ कोका माळव्यातून वऱ्हाडात घुसला. मांडलिक म्हणून राजा अली खानाने त्याला साथ द्यायला हवी होती. त्याने आपली फौज नेऊन मिळवली ती अहमदनगरच्या फौजेला. कोकाने एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, लुटलं. पण मागे हे दोघे लागल्यावर त्याला नंदुरबारच्या वाटेने गुजरातेत निघून जावं लागलं. वऱ्हाड मोगलांकडे गेला असता तर खानदेशला तिसऱ्या बाजूनेही तेच शेजारी आले असते. म्हणून नजराणा एकीकडे आणि तलवार दुसरीकडे.

त्याचं हे दुहेरीपण बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत आजही दगडावर वाचता येतं. मेहराबीत अरबी मजकुराबरोबर एक संस्कृत शिलालेख आहे, विक्रम संवत 1646 चा, म्हणजे 1590 चा. त्यात फारुकींची वंशावळ दिली आहे आणि राजाचं नाव ‘एदलशाह’ असं येतं, म्हणजे आदिलशाह. मोगल दरबाराच्या लेखी जो राजा अली खान, तो स्वतःच्या राजधानीत शाह होता. मला तो लेख राज्यशास्त्राचा धडाच वाटतो. प्रजेला सांगायचं ते मशिदीच्या भिंतीवर, आणि अकबराला सांगायचं ते पत्रात.

याला आज कुंपणावर बसणं म्हणून हिणवतात, ते मला पटत नाही. कुंपणावर बसलेला काहीच करत नाही. राजा अली खान एकसारखा काही ना काही करत होता. 1591 मध्ये अकबराच्या आश्रयाला राहिलेल्या निजामशाही घराण्यातल्या बुऱ्हाणला अहमदनगरची गादी हवी होती. राजा अली खानाने त्याच्यासाठी फौज काढली आणि अहमदनगरचा कारभार हाती असलेल्या जमालखानाचा रोहिणखेडजवळ पराभव करून त्याला गादी मिळवून दिली. यात अकबराची मर्जी राखली गेली आणि अहमदनगरला आपल्या उपकारातला सुलतानही बसला. त्याच वर्षी अकबराचा वकील म्हणून कवी फैजी बऱ्हाणपुरात आला. पुढे बुऱ्हाणने अकबराची ताबेदारी मानली नाही, म्हणजे दक्षिणेकडचा तोल टिकून राहिला.

हा सगळा खेळ एकाच गोष्टीवर उभा होता: दुसरं पारडं जड असायला हवं. 1595 मध्ये बुऱ्हाण वारला, अहमदनगरमध्ये वारसाहक्कावरून सरदारांत जुंपली आणि त्यातल्या एका गटाने मोगलांनाच बोलावलं. ज्याचा टेकू घेऊन मोगलांना रोखायचं तोच कोलमडला. त्यानंतर राजा अली खान अकबराचा मुलगा शहजादा मुराद आणि मोगल सेनापती खान-इ-खानान यांच्या छावणीत दाखल झाला. माणूस तोच होता, हिशेबाची रीतही तीच होती. दुसरं पारडं रिकामं झालं म्हणून उत्तर बदललं.

पण जुना हिशेब मागे लागतोच. ग्लेन स्नायडर यांनी 1984 मध्ये मैत्रीतल्या दोन भीती सांगितल्या. एक, मित्र ऐन वेळी सोडून जाईल. दुसरी, मित्राच्या लढाईत आपण नको तितके ओढले जाऊ. एक टाळायला जावं तर दुसरी वाढते. राजा अली खान दुसरीत सापडला, आणि त्याच्याबद्दल मोगलांच्या मनात पहिली होती. फेब्रुवारी 1597 मध्ये गोदावरीकाठी आष्टीजवळ मोगलांची गाठ विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगर यांच्या एकत्र फौजेशी पडली. राजा अली खान मोगलांच्या बाजूने लढताना मारला गेला. रणधुमाळीत तो दिसेनासा झाला तेव्हा मोगलांनी धरून चाललं, की हा शत्रूला मिळाला किंवा पळाला. त्यांनी त्याची छावणी लुटली. मग रणात त्याचं प्रेत सापडलं.

मुलगा बहादूर याने बापाची ही एकवीस वर्षांची चाल एका झटक्यात सोडली. 1600 मध्ये शहजादा दानियाल बऱ्हाणपुरावरून जात असताना तो भेटीला उतरला नाही आणि असीरगडाची दारं लावून बसला. हे सत्तासंतुलन म्हणावं, तर जोडीदार कोण होता? अहमदनगरला वेढा पडलेला होता आणि ऑगस्टमध्ये ते पडलंही. अकबर स्वतः बऱ्हाणपुरात येऊन बसला. जानेवारी 1601 मध्ये गड मोगलांच्या हाती आला, बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवलं गेलं आणि दानियालच्या नावावरून खानदेशाला ‘दानदेश’ म्हणायचं ठरलं.